पंचवीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला 14 फेब्रुवारीची चिठ्ठी कशी लिहावी

आमचं लग्न मे 1999 मधलं. ती रत्नागिरीची, मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. गेली आठ-नऊ वर्षं मी तिला 14 फेब्रुवारीला हाताने लिहिलेली एक चिठ्ठी देतो. पहिल्या दोन-तीन चिठ्ठ्या फसल्या, मग हळूहळू जमायला लागलं. 2025 ची चिठ्ठी मात्र अशी उतरली की तिने ती अजून चष्म्याच्या घरात ठेवली आहे. ती चिठ्ठी पहिल्या टिपणापासून घडीपर्यंत कशी तयार झाली, ते इथे क्रमाने सांगतो. लग्नाला वीस-पंचवीस वर्षं झालेल्या आणि बायकोला थोडं हसवावं असं वाटणाऱ्या नवऱ्यांसाठी हे आहे. नव्या जोडप्यांची गोष्ट वेगळी, कारण या चिठ्ठीला लागणारं सामान त्यांच्याकडे अजून साठलेलं नसतं.

सामान गोळा करायला दहा दिवस द्या

तेरा तारखेच्या रात्री कागद पुढे घेऊन बसलं की डोक्यात ऐकलेलंच येतं. चंद्र येतो, सात जन्म येतात, 'तू नसतीस तर माझं काय झालं असतं' येतं. यातलं काहीच खोटं नसतं, पण ते आपल्या घरातलंही नसतं. 2017 साली मी फोनवर आलेल्या चार ओळी सुंदर अक्षरात उतरवून दिल्या होत्या. तिने वाचल्या आणि शांतपणे म्हणाली, "हे आमच्या भिशीच्या ग्रुपवर कालच आलंय." ती रागावली नाही. पण कागदाची घडी घालून तो तिने वाणसामानाच्या यादीसोबत ठेवला, त्यावरून मला कळायचं ते कळलं.

तेव्हापासून मी 1 फेब्रुवारीला खिशात एक छोटी वही टाकतो आणि दहा तारखेपर्यंत रोज एक-दोन ओळी टिपतो. टिपताना एक पथ्य पाळायचं: आपल्याला काय वाटलं ते लिहायचं नाही. ती काय म्हणाली, हाताने काय केलं, कधी आणि कुठे, एवढंच लिहायचं. तिचं वाक्य असेल तर ती जशी बोलली तसं, शब्दाला शब्द. आपण ते पुस्तकी करून ठेवलं की चार दिवसांनी वाचताना त्यात तिचा आवाज उरत नाही.

2025 च्या वहीतली पानं अशी होती:

"शनिवार 1. अंबाबाईचा किरणोत्सव बघून आली. शेजारणीला सांगत होती की 'ह्यांच्या वाटणीचा नमस्कार पण मीच घातला.'

सोमवार 3. आईचा फोन. 'हो गं, मी रविवारी फोन करते, आता ठेवते.' ठेवला आणि लगेच मला, 'अहो, मी दळण आणायला जातो, गॅसकडे बघा.'

बुधवार 5. भाकरी. शेवटची लहान झाली. ती स्वतःच्या ताटात घेतली.

गुरुवार 6. वीजबिल भरायचं माझ्याकडून राहिलं. 'मी झोपते' म्हणाली आणि दिवा घालवला.

शनिवार 8. रंकाळ्यावर भेळ. चिरमुरे खाल्ले, फरसाण माझ्याकडे सरकवलं.

रविवार 9. हिरव्या साडीत छान दिसत होती.

सोमवार 10. माझी फार काळजी घेते."

शेवटच्या दोन नोंदी बघा. त्या लिहिताना मी पथ्य मोडलं होतं. 'छान दिसत होती' आणि 'काळजी घेते' ही माझी मतं झाली. त्यात ती कुठे दिसत नाही आणि तिचा आवाजही येत नाही. अशा नोंदी दहातल्या दोन-तीन निघतातच, त्या सरळ खोडून टाकायच्या.

एकच गोष्ट निवडा

उरलेल्या पाचांपैकी चिठ्ठीला एकच लागते. मोह सगळ्या घालायचा होतो, आणि मग चिठ्ठीचं मानपत्र होतं. मानपत्र ऐकताना माणूस अवघडतो, विशेषतः ज्या बाईला स्वतःचं कौतुक ऐकायची सवय नाही ती.

निवडताना मी दोन गोष्टी बघतो. पहिली अशी, की हा कागद चुकून शेजारच्या घरात पडला तर शेजारच्या वहिनींना तो आपलाच वाटेल का? वाटेल असं असेल तर तो माझ्या बायकोचा नाही. फरसाण सरकवणं गोड आहे, पण ते कित्येक घरांत होतं. नमस्काराचं वाक्य सुरेख आहे, पण ते ती शेजारणीला म्हणाली होती, मला नाही. मी ते चिठ्ठीत आणलं असतं तर मी चोरून ऐकतो असं तिला वाटलं असतं. ते मी वहीतच ठेवलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हे लिहायचं आहे की करायचं आहे? बुधवारची भाकरी मनाला फार लागली होती. त्यावर लिहायला बसलो तर दोन ओळींत डोळ्यांत पाणी आणता आलं असतं. पण मग ती चिठ्ठीत त्यागमूर्ती होऊन बसली असती, आणि लहान भाकरी पुढच्या बुधवारी पुन्हा तिच्याच ताटात गेली असती. भाकरीवर चिठ्ठी लिहायची नसते. दुसऱ्या दिवशी ताटं घेताना लहान भाकरी आपण उचलायची. ते मी सहा तारखेपासून सुरू केलं आणि ती नोंद खोडली.

राहिले सोमवार आणि गुरुवार. दोन्ही शेजारी ठेवून वाचले तेव्हा मला जे दिसलं ते पंचवीस वर्षं घरात असूनही दिसलं नव्हतं.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. कोल्हापुरात बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो', 'मी जातो', 'जेवलो की' असं म्हणतात. आमची आई तसंच बोलते, बहिणी तसंच बोलतात, आणि इथे त्यात कुणालाच वेगळं वाटत नाही. रत्नागिरीची मुलगी मात्र 'मी आले', 'मी जाते' म्हणते. लग्न होऊन आली तेव्हा ही तसंच म्हणायची, आणि आमच्या गल्लीतल्या पोरी तिच्या 'जाते'ला हसायच्या, ते मला लख्ख आठवतं. आता ती 'जातो' म्हणते. मधे केव्हातरी ती बदलली आणि मला पत्ता लागला नाही. आईशी बोलताना अजून 'ठेवते' येतं. आणि गुरुवारी माझ्यावर रागावली तेव्हाही 'झोपते' आलं. म्हणजे राग आला की ती माहेरच्या बोलीत जाते. हे शेजारच्या वहिनींच्या दारात पडलं तरी त्यांना लागू होणार नाही. विषय मिळाला.

तुमच्या घरी बोलीचा प्रश्न नसेल. पण जिथे दोन नोंदी एकमेकींना जोडल्या जातात तिथे थांबा. एकटी नोंद म्हणजे प्रसंग. दोन जुळल्या की तिची सवय हाती येते, आणि सवय ओळखणं हे बरोबर राहिलेल्या माणसालाच जमतं.

गंमत कोणत्या रूपात करायची

नुसतं 'तू आधी येते म्हणायचीस, आता येतो म्हणतेस' असं लिहिलं तर ते निरीक्षण झालं. त्याला खेळकर करायला एक सोंग लागतं. मला सगळ्यात जमलेलं सोंग म्हणजे खोटी तक्रार. तक्रारीचा सूर घ्यायचा आणि तक्रार अशा गोष्टीची करायची, की वाचता वाचता ती तक्रार नसून जवळीक आहे हे तिला कळावं. याचा फायदा असा की कौतुक थेट समोर येत नाही, त्यामुळे ती अवघडत नाही. 'काहीतरीच तुमचं' म्हणून कागद बाजूला ठेवायला तिला जागाच मिळत नाही.

मात्र खोटी तक्रार आणि टोमणा यांत अंतर फार थोडं आहे. 2019 ची चिठ्ठी मी तिच्या माहेरी जाताना बॅग भरण्यावर लिहिली होती. किती साड्या, किती डबे, किती वेळा परत उघडून बघणं, असं सगळं. मला ती गमतीची वाटली. तिने ती वाचली तेव्हा तिचा भाऊ घरी आलेला होता, त्याने हातातून घेऊन मोठ्याने वाचली. सगळे हसले, ती हसली नाही. रात्री म्हणाली, "मी वर्षातून एकदाच जातो तिकडं." ते डबे ती आईसाठी भरत होती. मला ते माहीत होतं आणि तरी मी ते हसण्यावारी नेलं होतं. त्याबद्दल मी तिची माफी मागितली, आणि तेव्हापासून काही गोष्टी माझ्या चिठ्ठीत येत नाहीत: तिचं माहेर, तिचं वजन आणि वय, तिच्या हातचं जेवण, तिचा खर्च. या गोष्टींवर बाहेरची माणसं तिला बोलत आलेली असतात. त्यात नवऱ्याची गंमत मिसळली की ती वेगळी ओळखू येत नाही.

तक्रार सुरक्षित आहे का, हे ओळखायची खूण सोपी आहे. तक्रार वाचून झाल्यावर चूक कुणाची दिसते ते बघा. तिची दिसत असेल तर तो टोमणा. आपलीच दिसत असेल, म्हणजे आपण ऐकलं नाही किंवा आपल्या लक्षात आलं नाही असं निघत असेल, तर ती गंमत. माझ्या विषयात ती बदलली आणि मला कळलं नाही, म्हणजे चूक माझ्याकडे. चालणार होतं.

एका गोष्टीचा मी तरीही दोन दिवस विचार केला. 'झोपते' ही तिच्या रागाची खूण मी चिठ्ठीत उघड केली, तर पुढे ती जपून बोलेल का? एखाद्याच्या बोलण्याकडे बोट दाखवलं की ते बोलणं अवघडतं, हा खरा धोका आहे. शेवटी मी ती ठेवली, कारण त्यामुळे माझ्या हातातली एक गोष्ट तिच्या हातात जाणार होती. मला ओळखता येतं हे तिला कळलं, तर ती ते वापरू शकते. पण कुठेही 'तू चुकीचं बोलतेस' किंवा 'किती गोड बोलतेस' असा शेरा येऊ द्यायचा नाही, हे ठरवून टाकलं.

मायना

इथे फार वेळ घालवू नका. घरात ज्या हाकेने बोलावता तीच कागदावर लिहा. मी 'अगं' म्हणतो म्हणून 'अगं' लिहितो. 'प्रिय' मी एकदा लिहून पाहिलं होतं, ते वाचताना तिने आधी कागद उलटून कुणाचं पत्र आहे ते बघितलं. तक्रारीच्या सोंगाला जुन्या पत्रातलं 'स.न.वि.वि.' छान लागतं, कारण आपल्या पिढीने शाळेत पत्रलेखनात ते गिरवलेलं असतं. आणि खाली 'ता.क.' साठी जागा राखून ठेवा, त्याचं काम पुढे येईल.

पहिला खर्डा आणि त्याची दुरुस्ती

अकरा तारखेला मी पहिला खर्डा लिहिला. त्यातली तीन वाक्यं जशीच्या तशी देतो, कारण चूक कुठे होते ते त्यात दिसतं.

"तू कोल्हापूरला आलीस आणि कधी इथलीच होऊन गेलीस ते कळलंच नाही."

हे वाक्य वाचायला बरं वाटतं आणि त्यात काहीच नाही. लग्न होऊन गावात आलेल्या कुठल्याही बाईला ते म्हणता येईल. अशा वाक्यात तीन गोष्टी शोधायच्या: एखादी तारीख किंवा साल, एखादं ठिकाण, आणि तिच्या तोंडचा एक शब्द. तिन्ही नसतील तर वाक्य बदलायचं. मी ते असं केलं: "1999 च्या मे महिन्यात आंबा घाट चढून या घरात आलीस तेव्हा तू 'मी येते', 'मी जाते' म्हणायचीस." रत्नागिरीहून कोल्हापूरला येताना आंबा घाट लागतो, वऱ्हाडाच्या गाडीत तिला घाटात मळमळलं होतं. 'आंबा घाट' एवढे दोन शब्द वाचले की तिला ते सगळं आठवणार, मला लिहायची गरज नाही. जुन्या संसाराच्या चिठ्ठीचा हा मोठा फायदा आहे. अर्धं ती स्वतः भरते.

"तू रागावलीस की माझा जीव कासावीस होतो."

जीव कासावीस होणं हे ऐकीव. गुरुवारी प्रत्यक्षात काय झालं? मी जागा होतो, आणि पंख्याकडे बघत होतो. किती वाजेपर्यंत? घड्याळ साडेबारा दाखवत होतं. मग वाक्य झालं: "त्या एका 'ते'वर मी साडेबारापर्यंत जागा होतो." भावनेचा शब्द काढून त्या जागी घड्याळ ठेवलं. वाचणाऱ्याला काळजी आपोआप कळते.

"सदर बदलाबाबत संबंधितांस कोणतीही पूर्वसूचना न देता एकतर्फी कार्यवाही करण्यात आलेली असून ती नियमबाह्य आहे."

हे मी रंगात येऊन लिहिलं. अख्खी चिठ्ठी अशा कचेरीच्या भाषेत झाली होती. दुसऱ्या दिवशी वाचली तर ते स्नेहसंमेलनातलं नाटुकलं वाटलं. सोंग जास्त झालं की ती सोंगाला हसते, आपल्यापर्यंत पोचत नाही. माझा अनुभव सांगतो: कचेरीची भाषा तीन-चार ठिकाणी पुरते. एकदा सुरुवातीला, एकदा मधे, एकदा मागणी करताना. मधली सगळी वाक्यं घरच्या बोलण्यातली हवीत, म्हणजे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उतरताना कानाला ठेच लागते आणि हसू तिथे येतं.

आणि 'ता.क.' मधे सोंग पूर्ण उतरवायचं. वरचं सगळं गमतीचं झालं की खाली दोन-तीन वाक्यं साधी, खरी. तिथे विनोद करायचा नाही. त्यात एखादा प्रश्न असेल तर उत्तम, पण तो असा हवा की ज्याचं उत्तर फक्त तिच्याकडे आहे आणि आपल्याला ते खरंच हवं आहे. 'माझ्यावर प्रेम आहे ना?' हा तसा प्रश्न नाही.

खर्डा झाला की तो मनात न वाचता हळू आवाजात वाचा. मी गच्चीवर जाऊन वाचला. जिथे जीभ अडखळते किंवा जिथे आपला आवाज भाषणासारखा चढतो, तिथे वाक्य आपलं नाही. माझ्या खर्ड्यात अशी चार वाक्यं निघाली, चारही गेली.

शेवटी उतरलेली चिठ्ठी

"कोल्हापूर
14 फेब्रुवारी 2025

अगं,

स.न.वि.वि. एक तक्रार नोंदवायची आहे.

1999 च्या मे महिन्यात आंबा घाट चढून या घरात आलीस तेव्हा तू 'मी येते', 'मी जाते' म्हणायचीस. हल्ली 'येतो' आणि 'जातो' म्हणतेस. हा बदल कधी केलास आणि कुणाला विचारून केलास, याची मला कोणतीही पूर्वसूचना मिळालेली नाही. मी याच घरात राहत होतो.

चौकशीत पुढील गोष्टी आढळल्या. आईचा फोन आला की अजून 'ठेवते' म्हणतेस. फोन ठेवून माझ्याकडे वळलीस की 'जातो'. स्वयंपाकघरात न येता मला कळतं फोन कुणाचा आहे. आणि गुरुवारी वीजबिलावरून बिनसलं तेव्हा 'मी झोपते' म्हणून दिवा घालवलास. त्या एका 'ते'वर मी साडेबारापर्यंत जागा होतो.

तरी मागणी अशी, की 'येते' रत्नागिरीसाठी राखून ठेवावं आणि 'येतो' माझ्यासाठी. भांडणात कुठलं वापरायचं ते तुझ्यावर सोपवलं आहे. बिल भरलं आहे.

तुझाच

ता.क. तू पहिल्यांदा 'येतो' म्हणालीस तो दिवस माझ्या कानांतून निसटला. त्याची चुटपुट लागली आहे. तुला आठवत असेल तर सांग."

'बिल भरलं आहे' हे वाक्य शेवटच्या क्षणी घातलं, आणि ते घालण्याआधी बिल खरंच भरलं. चिठ्ठीत जी चूक उल्लेखली ती चिठ्ठी देण्याआधी दुरुस्त झालेली हवी. नाहीतर वाचून झाल्यावर पहिला प्रश्न तोच येतो, आणि तो यायलाच हवा.

लांबीकडे लक्ष द्या. ही चिठ्ठी दीडशे शब्दांच्या आसपास आहे. एका कागदाच्या एका बाजूला मावली पाहिजे. कागद उलटावा लागला की सूर तुटतो, आणि 'ता.क.' पाठीमागे गेलं तर कधी कधी वाचायचंच राहतं.

कागद, पेन आणि ठेवायची जागा

छापील ग्रीटिंग कार्ड नको. त्यावर आधीच कुणीतरी दोन ओळी लिहिलेल्या असतात आणि आपलं लिहिणं त्यांच्या खाली बसतं. साधा कोरा कागद घ्या, नेहमीच्या मोठ्या कागदाचा अर्धा. मी बॉलपेनने लिहितो. जेल पेनचं अक्षर देखणं येतं, पण त्याची शाई पाण्याने पसरते, आणि आपल्या घरातल्या बायकांचे हात सकाळी सहसा कोरडे नसतात. 2020 ची चिठ्ठी मी जेल पेनने लिहून चहापावडरच्या डब्यावर ठेवली होती. तिने भांडं विसळून तसाच डबा उचलला आणि मधल्या तीन ओळी निळ्या झाल्या. त्या तीन ओळींत काय होतं ते मला तोंडी सांगावं लागलं, आणि तोंडी सांगताना ते जमलं नाही.

अक्षर थोडं मोठं काढा. पन्नाशीजवळ आली की जवळचं वाचायला बहुतेकांना चष्मा लागतो. चष्मा शोधत घरभर फिरावं लागलं तर मुलगा विचारतो, सासूबाई विचारतात, आणि चिठ्ठी चारचौघांत उघडते. यावरूनच मला जागा सुचली. चष्म्याचं घर! ते तिच्याशिवाय कुणी उघडत नाही, आणि उघडते तेव्हा वाचायलाच उघडते. अर्धा कागद लांबीत दोनदा मधोमध दुमडला की साधारण 15 सेंटिमीटर लांब आणि 5 सेंटिमीटर रुंद पट्टी होते, आणि ती चष्म्यावर अलगद बसते. जाड कागद घेऊ नका, घर बंद होत नाही.

जागा ठरवायच्या आधी तीन-चार दिवस बघून ठेवा की ती वस्तू सकाळी कोण आणि कधी उघडतं. चहाचा डबा आमच्याकडे कधी कधी मुलगा आधी उघडतो. देव्हाऱ्यातल्या वातींचा डबा आई उघडते. पर्समधे ठेवलं तर ती बाहेर कुठेतरी, घाईत, दुकानदारासमोर उघडते. मसाल्याचा डबा तर नकोच, चटणीचं तेल कागदाला लागलं की लाल डाग उतरत नाही आणि वासही जात नाही.

वेळ सकाळचीच बरी, आणि आपण समोर नसावं. 2025 ला 14 फेब्रुवारी शुक्रवारी आला होता. शुक्रवारी ती सकाळी अंबाबाईला जाऊन येते आणि आल्यावर चहा घेत वर्तमानपत्र वाचते. वर्तमानपत्रासाठी चष्मा लागतो. मी ती देवळात गेल्यावर चिठ्ठी ठेवली आणि गंगावेशीतून दूध आणायला निघालो. समोर उभं राहिलं तर तिला लगेच काहीतरी म्हणावं लागतं, आणि लगेच म्हणायला बायका 'बरं आहे' एवढंच म्हणतात.

परत आल्यावर 'वाचलीस का?' असं विचारू नका. हे मला सगळ्यात जड जातं. तिने वाचलंय की नाही हे इतर गोष्टींवरून कळतं. चष्म्याचं घर ओट्यावरून कपाटात गेलेलं असतं, वर्तमानपत्र घडी न मोडता पडलेलं असतं. त्या दिवशी दोन्ही दिसलं. तिने दूध तापायला ठेवलं आणि मला म्हणाली, "आज बाहेर जेवायला नको, मी तांबडा करते." मी तिच्याकडे बघितलं. तिने सायीवर नजर ठेवूनच, हसू दाबून दुरुस्त केलं, "करतो."

मी काही बोललो नाही. उत्तराची वाट बघायची, उत्तर मागायचं नाही. कधी ते त्याच दिवशी येतं, कधी आठवड्याने, एखाद्या वर्षी येतही नाही.

त्या वर्षी रात्री आलं. दिवा घालवल्यावर, अंधारात. म्हणाली, "थोरल्याचं शाळेत नाव घालायला गेलो होतो बघा. तुम्ही कामावर होता, मी एकटीच. बाईंनी विचारलं, गाव कुठलं तुमचं? मी रत्नागिरी सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातनं गेलं, मी इथंच राहतो की ओ, मंगळवार पेठेत."